लाल पिशवीत काय नसते

60 किलो वजनाच्या माणसाच्या अंगात साधारण सव्वाचार लिटर रक्त असते. मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या ओटीपोटाचे हाड मोडले, तर बाहेर थेंबही न दिसता त्यातले दोन लिटर आतल्या आत साठू शकते. समजा, अशा एका तरुणाला रुग्णालयात आणले. दोन लिटर सलाइन गेले, मग एकामागून एक लाल रक्ताच्या पिशव्या चढल्या. रक्तदाब थोडा वर आला, नातेवाइकांनी सुस्कारा सोडला. तासाभरात मात्र सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपू लागले, हिरड्या ओघळू लागल्या. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोटातले रक्त पाण्यासारखे पातळ, त्यात एकही गुठळी नाही. जिथे जखमच नाही तिथूनही रक्त येऊ लागले, की डॉक्टरांनी ओळखावे: रक्ताची गोठण्याची ताकद संपत आली आहे.

रक्त देऊनही असे का व्हावे? कारण आपण ज्याला ‘रक्ताची पिशवी’ म्हणतो, त्यात बहुतेक वेळा फक्त लाल पेशी असतात. रक्तपेढीत दात्याचे रक्त वेगळे केले जाते. लाल पेशी एका पिशवीत, प्लाझ्मा दुसऱ्या, प्लेटलेट्स तिसऱ्या पिशवीत. लाल पेशी प्राणवायू वाहून नेतात. पण जखमेवर आधी चिकटतात त्या प्लेटलेट्स, आणि त्यांना घट्ट बांधणारे फायब्रिनोजेनचे धागे येतात प्लाझ्मातून.

आता त्या तरुणाचा हिशेब पाहा. निम्मे रक्त वाहून गेले आणि जागा सलाइन व लाल पेशींनी भरली, तर गोठवणारे घटक निम्म्यावर आले. पुन्हा तेवढेच वाहिले, पुन्हा तसेच भरले, की पाव उरले. फायब्रिनोजेन लिटरला 2 ते 4 ग्रॅम असायला हवे. ते दीड ग्रॅमखाली गेले की गुठळी धरत नाही. दोष सगळा पातळ होण्याचाच आहे असे मात्र नव्हे. गंभीर जखमींपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याचे रक्त रुग्णालयात पोचतानाच बिघडलेले असते, असे लंडनच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये दाखवले.

त्यात थंडी भर घालते. लाल पेशी 2 ते 6 अंशांवर ठेवलेल्या असतात. रुग्णाचे कपडे कापलेले, खोली वातानुकूलित, पोट उघडे. शरीर 35 अंशांखाली उतरले की गोठवणारी प्रथिने मंदावतात, प्लेटलेट्स नीट चिकटत नाहीत. इथे एक फसवणूक होते: प्रयोगशाळा नमुना 37 अंशांवर आणून तपासते, म्हणून थंडीमुळे झालेला बिघाड अहवालात दिसतच नाही. रक्ताअभावी उपाशी राहिलेल्या पेशी आम्ल तयार करतात, जास्तीच्या सलाइनमधले क्लोराइड त्यात भर टाकते. रक्ताचा पीएच 7.4 वरून 7.2 खाली घसरला की गोठणे आणखी ढासळते. मग रक्तस्राव वाढतो, त्यातून थंडी वाढते, आम्ल वाढते. या तिन्हींच्या फेऱ्याला डॉक्टर ‘जीवघेणे त्रिकूट’ म्हणतात, आणि ते नाव मला मुळीच अतिशयोक्त वाटत नाही.

बगदादमधल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयातील 246 जखमींची नोंद 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. लाल पेशींच्या आठ पिशव्यांमागे प्लाझ्माची एकच मिळालेल्यांपैकी 65 टक्के दगावले. जवळपास बरोबरीने प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी 19 टक्के. पण गोठवलेला प्लाझ्मा वितळायला अर्धा तास लागतो, आणि लवकर मेलेल्यांना तो मिळायला वेळच नव्हता. त्यामुळे हा फरक फुगलेला असणार. 2015 मध्ये उत्तर अमेरिकेत 680 रुग्णांवर नीट चाचणी झाली. लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट्स एकास एकास एक दिलेल्यांत पहिल्या दिवशी रक्तस्रावाने मरणारे 9.2 टक्के, तर लाल पेशी दुप्पट दिलेल्यांत 14.6. एकूण मृत्यूंतला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. माझ्या मते तरीही कौल स्पष्ट आहे: ज्याचा रक्तस्राव थांबत नाही, त्याला प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स अहवालाची वाट न पाहता सुरुवातीपासून द्यायला हव्यात.

म्हणून त्या तरुणासाठी सलाइन हात राखून, प्रत्येक पिशवी यंत्रातून कोमट करून, अंगावर गरम हवेचे पांघरूण घालून उपचार व्हायला हवेत. पिशवीतले सायट्रेट रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून कॅल्शियमही द्यावे लागते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जखमेनंतर तीन तासांच्या आत. आणि शल्यविशारदाने रक्त थांबवण्यापुरतेच काम करून पोट तात्पुरते झाकावे. उरलेली दुरुस्ती रुग्ण ऊबदार झाल्यावर.

या सगळ्यात प्लेटलेट्स सर्वांत दुर्मीळ, कारण त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. जयंती-पुण्यतिथीला एकाच दिवशी शेकडो जणांनी रक्त दिले, तर पुढच्या आठवड्यात त्यातली एकही प्लेटलेट उरत नाही. शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी तारखा रक्तपेढीला विचारून ठरवाव्यात, आणि वर्षभर विखुरलेल्या ठेवाव्यात.