उकळी नुकतीच बसलेले पाणी आणि कॉफीचा अर्क

कॉफी करताना पाण्याला उकळी आली की आच बंद करावी, अर्धा-पाऊण मिनिट थांबावे आणि मगच ते पुडीवर ओतावे, असे सांगितले जाते. कारण विचारल्यास ‘उकळत्या पाण्याने कॉफी जळते’ हे उत्तर मिळते. ते तपासून पाहिले पाहिजे. भाजताना कॉफीच्या बियांचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. एवढी धग सोसलेली बी १०० अंशांच्या पाण्याने जळणार नाही. मग या सल्ल्यामागे काय आहे?

पाणी पुडीतील सर्व द्रव्ये एकाच वेगाने उचलत नाही. आंबट चवीची द्रव्ये सहज विरघळतात, म्हणून ती आधी उतरतात. कडू आणि तुरट द्रव्यांपैकी बरीचशी सावकाश, मागाहून येतात. पाणी जितके उष्ण, तितकी ही क्रिया जलद. म्हणजे तापमानाचा प्रश्न जळण्याचा नसून मुख्यतः वेगाचा आहे.

एक उदाहरण घेऊ. कागदी गाळणीत १५ ग्रॅम मध्यम दळलेली पूड घेऊन तिच्यावर तीन मिनिटांत २५० ग्रॅम पाणी ओतले. पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के अंश पाण्यात उतरला, तर चव समतोल मानली जाते. येथे तो सुमारे ३ ग्रॅम होतो. किटलीतील ९५ अंशांचे पाणी थंड पुडीला भिडताच काही अंशांनी निवते, तरी तेवढा अर्क काढण्यास ते पुरेसे असते. तेच पाणी ८० अंशांचे असेल, तर त्याच वेळात कॉफी पातळ आणि आंबट उतरते. उलट, गर्द भाजलेली बी अधिक सच्छिद्र असल्याने तिचा अर्क लवकर सुटतो. तिच्यावर उकळते पाणी ओतल्यास कडवटपणा वाढतो. तिला ८८ ते ९० अंश पुरतात.

वेग इतर मार्गांनीही साधता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी ८७, ९० आणि ९३ अंशांवर कॉफी केली, मात्र प्रत्येक वेळी अर्काचे प्रमाण आणि दाटपणा सारखा राखला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात तापमानामुळे चवीत फारसा फरक आढळला नाही. म्हणून कॉफी आंबट लागली तर पाणी अधिक गरम घ्यावे किंवा पूड बारीक दळावी. कडू लागली, जीभ कोरडी पडली, तर याच्या उलट करावे.

तापमापक नसलेल्या घरात उकळी हीच डोळ्यांना दिसणारी एकमेव खूण असते. त्या सल्ल्याचे खरे मोल एवढेच. परंतु ही खूणही सर्वत्र सारखी नाही. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंचीवरील महाबळेश्वरात पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. तेथे थांबण्याचे कारण उरत नाही.