विडी ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला

श्वासनळीच्या आतल्या थरातील बहुतेक पेशींच्या माथ्यावर प्रत्येकी सुमारे 200 हलते केस असतात. हे सिलिया. ते सेकंदाला दहा-वीस वेळा एकाच दिशेने फटका मारतात आणि धूळ, जंतू चिकटलेला कफ घशाकडे ढकलतात. तिथे तो आपण नकळत गिळून टाकतो.

लहान आतड्यातल्या पेशींवरही असेच दाट तंतू दिसतात, पण ते मायक्रोव्हिली. लांबी जेमतेम मिलिमीटरचा हजारावा भाग. ते कफ किंवा अन्न ढकलत नाहीत. पेशीचा पृष्ठभाग वाढवून पचलेलं अन्न शोषून घ्यायला मदत करतात.

वर्षानुवर्षं विडीचा धूर लागला की सिलिया मंदावतात, झडतात. कफ मात्र वाढतो. रात्रभर साचलेला कफ मग सकाळी खोकूनच काढावा लागतो. पुढे काही ठिकाणी सिलियावाल्या पेशींच्या जागी चपट्या, थरांच्या पेशी येतात. त्या धूर सोसतात, पण सफाई करत नाहीत. विडी सुटली तर हा बदल बराचसा मागे फिरू शकतो.

या पेशी बेसमेंट मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उभ्या असतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. बिघडलेल्या पेशी कर्करोगाच्या झाल्या, तरी पडदा शाबूत असेपर्यंत त्या जागच्या जागी असतात. म्हणून तपासणीच्या तुकड्यात डॉक्टर हा पडदा बारकाईने पाहतात. तो फोडून पेशी खाली उतरल्या, तर त्यांना रक्तवाहिन्यांची वाट मोकळी होते.