धान्य दोन महिन्यांचं, वेढा साडेचार महिन्यांचा

डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेबाने सातारच्या किल्ल्याला, म्हणजे आजच्या अजिंक्यताऱ्याला, वेढा घातला. ग्रँट डफ लिहितो की गडावर जेमतेम दोन महिन्यांचं धान्य होतं. तरी प्रयागजी प्रभूंनी गड 21 एप्रिल 1700 पर्यंत लढवला. हे कसं जमलं? एक उत्तर डफच देतो: परळीहून (आजचा सज्जनगड) परशुराम त्रिंबक रसद पाठवत होते आणि पश्चिमेच्या बाजूला असलेल्या शाहजादा आजमला पैसे देऊन ती आत सोडवली जात होती.

पण धान्य असं चोरवाटेनं आणता येतं, पाणी नाही. डिसेंबर ते एप्रिल साताऱ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. म्हणजे प्यायला मागच्या पावसाळ्याचंच साठलेलं पाणी.

हिशोब करून बघू. आकडे माझे, फक्त अंदाजासाठी. 30 फूट लांब, 20 फूट रुंद, 10 फूट खोल टाकं घ्या. त्यात साधारण 1,70,000 लिटर पाणी मावतं. 500 माणसांना दिवसाला पाच-पाच लिटर दिलं तर रोज 2,500 लिटर, म्हणजे 68 दिवस. टाकं उघडं असेल आणि उन्हानं रोज आठ मिलिमीटर पाणी उडत असेल, तर आणखी सुमारे 450 लिटर जातात आणि मुदत 58 दिवसांवर येते. जनावरं तर अजून धरलीच नाहीत! कातळात आत कोरलेल्या, छत असलेल्या खांबटाक्यांचा फायदा इथे कळतो.

1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात हीच काळजी दिसते. गडावर आधी पाणी बघा, नसेल तर कातळ फोडून टाकी करा. एका झऱ्यावर विसंबू नका, कारण वेढ्यात खर्च वाढतो आणि तोफांच्या हादऱ्यानं झरे आटू शकतात. म्हणून राखीव टाकी वेगळी ठेवा, त्यातलं पाणी रोज वापरू नका. (फोडलेला दगड तटाच्या कामी यायचा, हा दुहेरी फायदा.) कोठारांबद्दलही तसंच: आग, उंदीर, किडामुंगी यांपासून धान्य जपायचं, म्हणून जमीन दगड-चुन्याची पक्की.

कचऱ्याचा नियम मला सगळ्यात आवडतो. केर गडाखाली फेकायचा नाही. जागच्या जागी जाळायचा आणि राख परसात टाकून भाजीपाला लावायचा. वेढ्यात तेवढीच ताजी भाजी.

मैल्याचं काय? राजगडाच्या तटबंदीत शौचकूप आजही दिसतात. फील्डवर्कला जाल तेव्हा शौचकूप दिसला की लगेच जवळचं टाकं शोधा आणि उताराची दिशा वहीत नोंदवा. घाण टाक्याकडे वाहते की तटाबाहेर, हे फोटोवरून कळत नाही, तिथे उभं राहूनच कळतं.