परदेशी शिक्षणाचे पैसे आई-बाबांकडे मागताना

‘बाबा, जर्मनीचं अ‍ॅडमिशन आलंय. २५ लाख लागतील. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये लवकर पैसे भरायचेत. घरावर लोन मिळतं का बघा. बाकी सगळ्यांचं झालंय. आजच सांगा.’

पुण्यात दोन वर्षं नोकरी केलेली एक मुलगी नाशिकला राहणाऱ्या वडिलांना असा मेसेज पाठवते, असं समजू. वडील सरकारी नोकरीत आहेत, अडीच वर्षांनी निवृत्त होणार आहेत. राहतं घर त्यांच्या नावावर आहे आणि त्याचं कर्ज नुकतंच फिटलं आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते हा मेसेज वाचतात. मुलगी उद्धट नाही. तिला घाई आहे आणि पैशाचा विषय काढायची भीतीही वाटते, म्हणून सगळं एका दमात लिहून टाकलंय. पण वडिलांच्या हातात काय आलं? एक मोठा आकडा, घराचा उल्लेख आणि आजची मुदत. अशा मजकुराला विचार करून उत्तर देताच येत नाही. घाबरून ‘हो’ किंवा चिडून ‘नाही’, एवढंच शक्य असतं.

असा मेसेज सुधारायचा म्हणजे त्याला ‘प्लीज’ आणि हात जोडलेली चित्रं जोडायची, असं अनेकांना वाटतं. माझ्या मते त्यातली खरी उणीव हिशेबाची आहे. तो २५ लाखांचा आकडाच नीट उलगडलेला नाही, म्हणून आधी तो उलगडू.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आणि काही विद्यापीठांत ते आहे, पण आपल्या उदाहरणातल्या मुलीला ते लागू नाही. तिला दर सहामाहीला फक्त काहीशे युरोंची वर्गणी भरायची आहे. खरी मोठी रक्कम आहे ती ब्लॉक्ड अकाउंटची. विद्यार्थी वर्षभर स्वतःचा खर्च भागवू शकेल, याचा पुरावा म्हणून व्हिसाआधी ही रक्कम विद्यार्थ्याच्याच नावाच्या खात्यात भरायची असते. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो आहे. तिथे पोहोचल्यावर त्यातून दर महिन्याला ९९२ युरो हातात येतात आणि खोलीचं भाडं, आरोग्य विमा, जेवण हे सगळं त्यातच बसवायचं असतं. व्हिसा नाकारला गेला, तर खातं बंद करून पैसे परत घेता येतात.

हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो शंभर रुपयांचा धरू. म्हणजे पहिल्या वर्षी या खात्यात सुमारे १२ लाख लागतील. विमानाचं तिकीट, व्हिसा, खोलीची अनामत आणि पहिली वर्गणी मिळून आणखी दोन लाख धरू. मिळून झाले १४ लाख. दुसऱ्या वर्षीचे १२ लाख जमेला धरले, की २५-२६ लाखांचा तो आकडा येतो. तो खोटा नाही, पण सगळा आज लागत नाही. शिवाय त्यातला बराचसा भाग फीचा नसून दोन वर्षांच्या राहण्या-जेवणाचा आहे. वडिलांना यातलं काहीच कळलेलं नाही.

आता कर्ज. आपल्याकडच्या बँकांच्या नेहमीच्या नियमानुसार साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतं आणि परदेशी शिक्षणासाठी खर्चातले १५ टक्के आपण घालायचे असतात. काही बँकांच्या खास योजनांमध्ये हे वेगळं असतं. वडील किंवा आई सहकर्जदार असतात. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्त्याला सूट मिळते, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. मुलीने स्वतःचे तीन लाख साठवले आहेत. एक लाख घरून मिळाले आणि दहा लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेतलं, तर शिकण्याच्या काळात महिन्याला ८,७५० रुपये व्याज होतं. ते वेळच्या वेळी भरलं, तर तीन वर्षांनी दहा वर्षांसाठी सुरू होणारा हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास राहतो. नाही भरलं, तर सव्वातीन लाखांच्या आसपास व्याज मुद्दलात मिळून तोच हप्ता पावणेअठरा हजारांवर जातो. असे व्याजदर बहुधा बदलते असतात, त्यामुळे थोडी ढिलाई ठेवायलाच हवी.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तारखेची गोष्ट. हप्ता तीन वर्षांनी सुरू होणार आहे आणि वडिलांचा पगार अडीच वर्षांनी थांबणार आहे. मुलगी हे लिहीत नाही, कारण तिने ते जोडून पाहिलेलंच नाही. वडील मात्र रात्री झोप न येता नेमका हाच विचार करत पडतात.

दुसरी न लिहिलेली गोष्ट म्हणजे परत येण्याची. ‘दोन वर्षांत शिकून येते’ हे वाक्य घराघरांत बोललं जातं. पण कर्जाचा हप्ता इथल्या सुरुवातीच्या पगारातून फेडणं जड जातं, म्हणून मुलं तिथेच नोकरी शोधतात. जर्मनी पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा परवाना देते. हे आधीच ठाऊक असेल, तर आई-बाबांनाही ते आधीच कळायला हवं. त्यांच्या म्हातारपणाचं नियोजन त्यावर अवलंबून आहे.

एवढं समोर ठेवून तोच मेसेज पुन्हा लिहिला, तर असा होईल:

‘आई, बाबा, जर्मनीच्या अ‍ॅडमिशनचं फोनवर सांगितलं, पण पैशाचं बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय.

पहिल्या वर्षी साधारण १४ लाख लागतील. त्यातले १२ लाख फी नाही. ते माझ्याच नावाच्या खात्यात राहतील आणि तिथे मला दर महिन्याला खर्चाला मिळतील. व्हिसा झाला नाही तर परत मिळतील. माझे साठवलेले तीन लाख मी घालतेय. तुमच्याकडून एक लाख मागतेय आणि दहा लाखांच्या कर्जासाठी बाबांची सही. त्याला आपलं घर तारण द्यावं लागेल. मी हप्ते चुकवले, तर बँक बाबांच्या दारात येईल, हे मला कळतंय.

शिकत असताना महिन्याला पावणेनऊ हजार व्याज येईल. पहिले सहा महिने ते तुम्ही भराल का? त्यानंतर मी काम करून भरायचा प्रयत्न करीन, पण काम मिळेलच असं आज सांगता येत नाही. तीन वर्षांनी साडेतेरा हजारांचा हप्ता सुरू होईल. तेव्हा बाबा रिटायर झालेले असतील, म्हणून तो मीच भरायचा, असं धरलंय. त्यासाठी शिक्षणानंतर तीन-चार वर्षं तरी तिथेच नोकरी करावी लागेल. दोन वर्षांत परत येते असं सांगितलं, तर ते खरं होणार नाही.

दुसऱ्या वर्षाची सोय अजून झालेली नाही. तिथला परवाना वाढवताना पुन्हा पैसे दाखवावे लागतात. काम मिळालं तर थोडे कमी लागतील. नाही मिळालं, तर कर्ज वीस-बावीस लाखांवर जाईल आणि हप्ता दुपटीहून थोडा जास्त होईल.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आईने भिशीचे पैसे माझ्या फीला दिले आणि ओट्याचं काम लांबणीवर टाकलं. ते अजून तसंच आहे. बाबांनी पीएफमधून पैसे काढले होते, हे मला नंतर कळलं. मी दोघांनाही कधी काही बोलले नाही, पण विसरलेले नाही. तुम्ही आधी इतकं केलंय म्हणून आताही हो म्हणायलाच हवं, असं अजिबात नाही. दादाच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांना हात लावू नका. जमत नसेल, तर मी नोकरी चालू ठेवीन, आणखी साठवीन आणि पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीसह पुन्हा अर्ज करीन.

शनिवारी कागद घेऊन घरी येते. तोवर उत्तर देऊ नका. पैसे २० तारखेपर्यंत भरले, तर व्हिसाचं वेळेत होईल.’

मेसेज लांबला आहे, आणि तो लांबायलाच हवा होता. पहिल्या मेसेजमधल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी इथेही आहेत: जर्मनी, मोठी रक्कम, घर, मुदत. गेलं आहे ते फक्त ‘बाकी सगळ्यांचं झालंय’. त्या वाक्याने आई-बाबांना दुसऱ्यांच्या आई-बाबांशेजारी उभं केलं होतं, आणि ते सर्वांत जास्त लागतं. मुदतही तीच आहे, पण आता ती तारीख आहे आणि तिचं कारण सांगितलं आहे.

कृतज्ञतेचा परिच्छेद मी मुद्दाम पैशांच्या नंतर ठेवला आहे. सुरुवातीलाच ‘तुम्ही माझ्यासाठी किती केलंत’ म्हटलं, की पुढे मागणी येणार हे कोणत्याही आईला कळतं आणि त्या चांगल्या शब्दांवरचा तिचा विश्वास उडतो. भिशी, ओटा, पीएफ या नेमक्या गोष्टी आहेत. ‘तुमचे उपकार कधीच फिटणार नाहीत’ हे वाक्य कोणतंही मूल कोणत्याही घरात लिहू शकतं. राहिलेल्या ओट्याचं मात्र त्या एका घरातलंच मूल लिहू शकतं.

सगळ्यांत मोह होतो तो दुसऱ्या वर्षाबाबत गप्प राहण्याचा, किंवा ‘तिथे पार्टटाइम काम करून सगळं भागेल’ असं लिहून टाकण्याचा. जर्मनीत विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण जर्मन भाषा येत नसेल, तर पहिल्या सहामाहीत काम मिळणं कठीण जातं आणि परीक्षेच्या काळात ते सोडावंही लागतं. कमाईचा आकडा हिशेबात शून्य धरावा. मिळाली तर आनंदच आहे. अशा मेसेजचा प्रामाणिकपणा तपासायचा, तर एकच पाहावं: सगळं वाईट घडलं, तर महिन्याला किती रुपये द्यावे लागतील, हे वाचणाऱ्याला त्यातून कळतं का? वरच्या मजकुरातून कळतं. दुपटीहून जास्त, म्हणजे व्याज वेळच्या वेळी भरत राहिलं तर तीस हजारांच्या घरात, नाही भरलं तर त्याहूनही जास्त.

उत्तर अर्धवट येऊ शकतं. वडील म्हणतील, पहिल्या वर्षाच्या दहा लाखांना सही करतो, दुसऱ्या वर्षाचं तेव्हा बघू. हे उत्तर चांगलं आहे, आणि बँकेतही ते चालतं. कर्ज मोठ्या रकमेचं मंजूर करून घेता येतं, ते टप्प्याटप्प्याने उचलता येतं आणि व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागतं. आई म्हणेल, घर तारण नको, थोडे दागिने मोडू. तेव्हा घाईने हो म्हणू नये. दागिने मोडले की गेले, कर्ज मात्र कमावून फेडता येतं, हे तिला समजावून सांगावं. शेवटी निर्णय तिचाच असेल.

असा मेसेज लिहायला बसणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला एक विनंती आहे. आधी एकदा बँकेच्या शाखेत स्वतः जा. आजचा व्याजदर काय आहे, तारण किती रकमेपासून लागतं आणि हप्ता कोणत्या महिन्यापासून सुरू होईल, एवढं विचारून लिहून आणा. मग बाबांच्या निवृत्तीची तारीख त्या महिन्याशेजारी लिहा आणि त्यानंतरच पहिली ओळ टाइप करा.