सीपीयू रिकामा, तरी लोड चाळीस

चार कोअरचा एक लिनक्स सर्व्हर. `uptime` लोड अ‍ॅव्हरेज ४० दाखवतो, म्हणजे कोअरच्या दहापट. `top` उघडला तर सीपीयू ९५ टक्के मोकळा. दोन्ही आकडे खरे असतात.

लोड म्हणजे सीपीयूचा वापर, हा समज इथे फसतो. लिनक्स लोड मोजताना सीपीयूवर चालणाऱ्या आणि सीपीयूसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रोसेस धरतोच. शिवाय डिस्कसारख्या गोष्टीच्या उत्तरासाठी अडून बसलेल्याही धरतो. आचारी मोकळा आहे, पण भाजीच आलेली नाही, म्हणून गिऱ्हाईकं ताटकळली आहेत, तसा हा प्रकार. मोजणीची ही पद्धत १९९३ सालची. मथायस उर्लिक्स यांनी तेव्हा दाखवून दिले होते की स्वॅपसाठी संथ डिस्क लावली की यंत्र मंदावते, पण लोडचा आकडा मात्र उलट खाली येतो. म्हणून अडलेल्या प्रोसेसही हिशेबात आल्या.

आता वरचे ४० कुठून आले ते पाहू. या सर्व्हरवर दुसऱ्या यंत्रावरचे फोल्डर एनएफएसने जोडलेले आहे. ते दुसरे यंत्र बंद पडले. इकडे दर मिनिटाला डिस्कची जागा तपासणारी एक स्क्रिप्ट `df` चालवते. एनएफएसच्या नेहमीच्या जोडणीत उत्तर येईपर्यंत थांबायचे असते, म्हणून पहिला `df` अडकला. मिनिटाने दुसरा, मग तिसरा. चाळीस मिनिटांत चाळीस `df` ताटकळले आणि लोड तितकाच चढला. सीपीयूला काम असे नव्हतेच.

अडकलेल्या प्रोसेस अशा दिसतात:

```
ps -eo state,pid,wchan:32,args | grep '^D'
```

ओळीच्या सुरुवातीचा `D` म्हणजे अडलेली प्रोसेस. एखादी ओळ क्षणभर दिसली तर काळजी नाही. तेच पीआयडी पुन्हा पुन्हा दिसले तर गाठ तिथे आहे. पुढच्या रकान्यात `rpc` किंवा `nfs` ने सुरू होणारे नाव असेल, तर दोष नेटवर्कपलीकडे.

`top` मधला `wa` हा आकडा इथे दिशाभूल करू शकतो. यंत्रातलीच डिस्क रखडली असेल तर तो सहसा वाढतो आणि `iostat -x 1` मध्ये कोणती डिस्क रखडली तेही कळते. एनएफएसवर अडकलेल्या `df` मुळे मात्र तो शून्याजवळच राहू शकतो. `wa` कमी आहे म्हणून वाट पाहणे नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

अशा वेळी आणखी कोअर घेऊन उपयोग नाही. दुसरे यंत्र परत सुरू झाले की चाळीसही `df` आपापले उत्तर घेऊन संपतात आणि पुढच्या काही मिनिटांत लोड उतरतो. मग स्क्रिप्टमध्ये दोन बदल पुरतात: `df -l` वापरून फक्त स्थानिक डिस्क तपासायच्या आणि आधीची फेरी संपली नसेल तर नवी सुरू करायची नाही.