शुक्रवारी सुरू होणारा आठवडा

आमच्या घरात बाहेर खाण्यासाठी महिन्याला आठ हजार रुपये ठरलेले होते. पार्सल, हॉटेल, ऑफिसबाहेरचा चहा-वडा, सगळं त्यातच. आकडा विचार करून काढलेला होता आणि अवाजवीही नव्हता. तरीही दर महिन्याच्या एकोणीस-वीस तारखेला तो संपायचा. मग उरलेल्या दहा-बारा दिवसांत जे व्हायचं, त्यानं जास्त नुकसान केलं. मर्यादा ओलांडलीच आहे, आता पुढच्या महिन्यापासून बघू, असं म्हणत आम्ही आणखी दोन-अडीच हजार खर्च करायचो. मोडलेली मर्यादा काहीच सांगत नाही, आणि महिन्याची मर्यादा मोडली की ती बराच काळ गप्प बसते.

दुसरी अडचण हिशेबाची. बारा तारखेला कळलं की चार हजार सहाशे गेले. हे ठीक की जास्त? उत्तर द्यायला कागद घ्यावा लागतो. शिवाय किती शनिवार-रविवार मागे पडले, किती पुढे आहेत, हेही बघावं लागतं. ऑगस्ट २०२५मध्ये पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार होते. फेब्रुवारी २०२६मध्ये प्रत्येकी चारच. बाहेरचं खाणं तारखेवर नाही, वारावर चालतं. घरभाडं, कर्जाचा हप्ता, वीजबिल, दूधवाल्याचा हिशेब हे महिन्याचेच, त्यांना तिथंच राहू द्यावं. पण ज्या खर्चाला दर काही दिवसांनी ‘आज करू या की नको?’ असा प्रश्न पडतो, त्याला आठवडा बरा. मंगळवारी सातशे उरलेत आणि गुरुवारपर्यंत पुरवायचेत, एवढं रिक्षात बसल्याबसल्याही समजतं.

आठवड्याची रक्कम काढताना बहुतेक जण पहिल्याच पायरीवर घसरतात. आठ हजार भागिले चार, म्हणजे दोन हजार. पण वर्षात आठवडे अठ्ठेचाळीस नसतात, बावन्न असतात. दोन हजारांप्रमाणे वर्षाचे एक लाख चार हजार होतात, म्हणजे ठरवलेल्या शहाण्णव हजारांपेक्षा आठ हजार जास्त. एक अख्खा महिना नकळत वाढला. म्हणून आधी बारानं गुणायचं आणि मग बावन्ननं भागायचं. आमचा आकडा आला साधारण १,८५०. मुळात महिन्याचाच आकडा ठरलेला नसेल, तर मोबाइलमधल्या व्यवहारांच्या यादीतून मागच्या तेरा आठवड्यांचा बाहेरच्या खाण्याचा खर्च काढावा आणि तेरानं भागावं. जे उत्तर येईल त्यानं बहुधा भुवया उंचावतात. सुरुवातीला त्यातून दहाएक टक्केच कमी करावेत. एकदम निम्म्यावर आणलेला आकडा दुसऱ्या आठवड्यातच मोडतो.

काही जण महिन्याचेच तुकडे पाडतात: एक ते सात, आठ ते चौदा, असं अठ्ठावीसपर्यंत. मग एकोणतीस, तीस, एकतीस हे दिवस बेवारशी राहतात आणि नेमके तेच उधळले जातात. त्यापेक्षा आठवडा पहिल्या तारखेशी बांधूच नये. तो एका महिन्यातून दुसऱ्यात खुशाल वाहू द्यावा.

आता खरा मुद्दा: आठवडा कुठल्या वारी सुरू करायचा? आम्ही आधी सोमवार धरला होता. सोमवार ते गुरुवार किरकोळ चहा, एखादं कंटाळ्याचं पार्सल, आणि शनिवारी मित्र आले की हातात तीनशे रुपये. ज्या जेवणाची खरी मजा असते, त्याच वेळी पैसे नाहीत. मग मर्यादा मोडायची आणि सोमवारी नव्यानं सुरुवात. बायकोनं सुचवलं की आठवडा शुक्रवारी सुरू करू. इतक्या साध्या बदलानं चित्र फिरलं, कारण आता ज्यावर खर्च करायचाच आहे तो आधी होतो आणि काटकसर त्या चार दिवसांवर पडते, ज्यांत घरी वरण-भात खाऊन कुणाला वाईट वाटत नाही.

पूर्ण १,८५० मात्र आम्ही दर आठवड्याला वापरत नाही. २५० बाजूला काढतो आणि १,६०० हाताशी ठेवतो. लग्नाचा वाढदिवस किंवा गावाहून आलेल्या मामांना चांगल्या ठिकाणी जेवायला नेणं, हे तीन हजारांचं काम एका आठवड्यात बसत नाही आणि बसवूही नये. आठवड्याला २५० म्हणजे वर्षाला तेरा हजार. गटारीचा रविवार याच पैशांतून जातो. पुढं श्रावणात आमचा मांसाहार बंद, बाहेर जाणंही कमी, तेव्हा हा डबा पुन्हा भरतो.

एक आठवडा प्रत्यक्ष कसा जातो ते सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी पावभाजी आणि ज्यूस, दोघांचे ४२०. रविवारी दुपारी थाळी, ७६०. उरले ४२०. सोमवारी चहा-वडा ६०, मंगळवारी ४०. बुधवारी दोघंही दमून आलो आणि पार्सल मागवायला बसलो. डिलिव्हरीसकट ३८० होत होते. हातात ३२०. पिठलं-भात झाला. महिन्याचं बजेट असतं, तर आठ हजारांपुढं ३८० म्हणजे काय मोठे, असं म्हणून ते पार्सल आलंच असतं. गुरुवारी उरलेले ३२० आम्ही पुढच्या आठवड्यात नेत नाही, डब्यात टाकतो. नाहीतर शिल्लक साठत जाते आणि एखाद्या शनिवारी खिसा आहे त्यापेक्षा मोठा वाटू लागतो. उलट पैसे जास्त गेले, तर तेवढेच पुढच्या आठवड्यातून वजा. लागोपाठ तीन आठवडे वजा करावं लागलं, तर दोष मनोनिग्रहाचा नसतो, आकडाच चुकलेला असतो. तो सरळ वाढवावा आणि कपात दुसरीकडं शोधावी.

पैसे वेगळे ठेवायला पूर्वी पाकीट पुरायचं. आता आम्ही यूपीआय लाइट वापरतो. दर शुक्रवारी सकाळी दोघांच्या फोनवर आठशे-आठशे भरतो. त्यात एका वेळी पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि हजारापर्यंतचं बिल पिन न टाकता जातं. बँकेच्या पासबुकात प्रत्येक चहा दिसत नाही, भरलेली रक्कम तेवढी दिसते. त्यामुळं हिशेबही आपोआप आठवड्याचा होतो. यात खाचा आहेत. शिल्लक कमी झाली की आपोआप पैसे भरणारी सोय चालू राहिली, तर सगळा खेळच संपतो. ती आधी बंद करावी. काही ॲपमध्ये भाजीचे चाळीस रुपयेही गुपचूप लाइटमधूनच जातात. पैसे देताना खातं कुठलं निवडलंय ते बघावं लागतं.

क्रेडिट कार्डानं जेवलात, तर बिलाची तारीख विसरा. ज्या दिवशी जेवलात, त्याच आठवड्यात ती रक्कम धरा. मित्रांसोबतचं पूर्ण बिल तुम्ही भरलं असेल, तर फक्त स्वतःचा वाटा मोजा, पण बाकीच्यांकडून पैसे आल्यावरच. हा शेवटचा नियम मी स्वतःच घातलाय. आमच्या कंपूतल्या एकाचे साडेतीनशे गेले पाच शुक्रवार ‘आत्ता पाठवतो’ याच अवस्थेत आहेत, आणि तोवर ते माझ्याच खात्यावर मांडायचे असं घरात ठरलंय.