पिवळ्या उजेडातली जोडगोळी

सोडियमचा दिवा पेटला की खोलीभर एकच पिवळा रंग पसरतो. डोळ्याला तो एकच वाटतो, पण त्यात दोन पिवळे आहेत. एकाची तरंगलांबी ५८९.० नॅनोमीटर, दुसऱ्याची ५८९.६. फरक जेमतेम ०.६ नॅनोमीटरचा, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. तरीही पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी हा फरक मायकेलसनच्या इंटरफेरोमीटरवर एक स्क्रू फिरवून मोजतात.

या उपकरणात अर्धपारदर्शक काच प्रकाशाचे दोन भाग करते. ते दोन आरशांवरून परततात, पुन्हा एकमेकांत मिसळतात आणि समोर काळ्या-पिवळ्या वलयांची चकती दिसते. एक आरसा सरकता असतो. तो अर्ध्या तरंगलांबीइतका मागे घेतला की जाऊन-येऊन वाट एका पूर्ण तरंगलांबीने वाढते आणि मध्यातून एक नवं वलय उमलतं. स्क्रू फिरवत राहिलं की वलयं उमलतच राहतात, आणि मग ती हळूहळू फिकी पडू लागतात. चकती सपाट पिवळी होते. पहिल्यांदा हे पाहणारा विद्यार्थी घाबरतो, टेबलाला धक्का तर लागला नाही ना! तसाच स्क्रू फिरवत राहिला, की वलयं पुन्हा ठसठशीत होऊन परततात.

तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जराशा बेसूर असल्या की आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. इथेही तसंच घडतं, फक्त तिथे फुगवटा वेळेत पसरलेला असतो आणि इथे आरशाच्या वाटेवर. दोन्ही पिवळ्यांची वलयं वेगवेगळी बनतात. सुरुवातीला ती एकमेकांवर बसतात. आखूड तरंगलांबीची वलयं किंचित भरभर उमलतात, त्यामुळे ती पुढे सरकू लागतात. साधारण ४९३ वलयांनंतर ती अर्ध्या वलयाने पुढे गेलेली असतात, आणि एकाचा उजळ भाग दुसऱ्याच्या काळ्यावर पडतो. लांब तरंगलांबीची ९८७ वलयं होईपर्यंत आखूडची ९८८ होतात आणि जोडी पुन्हा जुळते. एवढ्यात आरसा ०.२९ मिलिमीटर सरकलेला असतो. ०.६ नॅनोमीटरचा फरक जवळपास पाच लाख पट मोठा होऊन ड्रमवर वाचता येतो!

हिशोब सोपा आहे. सरासरी तरंगलांबीच्या वर्गाला आरशाच्या सरकण्याच्या दुपटीने भागायचं, की फरक मिळतो. समजा, पहिल्यांदा वलयं मावळली तेव्हा ड्रमवर १२.३४५ मिलिमीटर होते आणि त्यानंतर दहाव्यांदा मावळली तेव्हा १५.२५५. अंतर २.९१०, म्हणजे एका फेरीला ०.२९१ मिलिमीटर. ५८९.३ चा वर्ग करून ५,८२,००० नॅनोमीटरने भागला की उत्तर ०.५९७ नॅनोमीटर.

दहा फेऱ्या का? कारण 'मावळली' हा क्षण डोळ्याला नेमका सापडत नाही. तो शतांश-दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे होतो. एकाच फेरीवर विसंबलात तर चूक दहा टक्क्यांच्या घरात जाते. दहा फेऱ्यांमध्ये ती एका टक्क्यावर येते. मावळण्याऐवजी वलयं सर्वांत ठळक होण्याची खूण धरू म्हटलं तर आणखी पंचाईत, कारण ठळकपणा शिखराजवळ फारच सावकाश बदलतो. आणि स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा. उलटा फिरवला की आट्यांमधल्या ढिलाईमुळे ड्रम हलतो, पण आरसा जागीच राहतो. एखादी फेरी मोजायची राहिली असेल तर तेही कळतं. प्रत्येक मावळतीचं वाचन टिपून ठेवलं असेल, तर एकच अंतर बाकीच्यांच्या दुप्पट निघतं.

वलयं पूर्ण नाहीशी होतील अशी वाट पाहू नये. पातळ सोडियम वाफेतून येणाऱ्या उजेडात ५८९.० ची रेषा दुसरीपेक्षा साधारण दुप्पट तेजस्वी असते, म्हणून तिची वलयं उरतात. त्यांचा ठळकपणा एक तृतीयांशपर्यंतच उतरतो. वाफ दाट असली की तेजस्वी रेषेचा उजेड वाटेतच जास्त शोषला जातो, दोघींची तेजं जवळ येतात आणि मावळती अधिक स्पष्ट होते.

हे प्रथम पाहिलं ते फ्रान्सच्या फिझोने, १८६२ मध्ये, मायकेलसनच्या उपकरणाच्या बऱ्याच आधी. काचेच्या पट्टीवर ठेवलेलं भिंग दूर नेत न्यूटनची वलयं मोजताना त्याला ती ४९० च्या आसपास विरून ९८० च्या आसपास परतताना दिसली. भिंग पंधरा मिलिमीटर दूर नेईपर्यंत त्याने अशा ५२ फेऱ्या मोजल्या. सुमारे पन्नास हजार वलयं! चिकाटी हा शब्द इथे अपुरा पडतो.

रस्त्यांवर असायचे ते नारिंगी सोडियम दिवे मात्र या कामाचे नाहीत. त्यांच्यातली वाफ उच्च दाबाची असते, त्यामुळे दोन्ही रेषा फुगून एकमेकींत मिसळतात. आरसा थोडासा सरकवला की वलयं विरतात, आणि मग कितीही स्क्रू फिरवा, ती परतत नाहीत.